सप्लायरच्या स्टेटमेंटची बाकी आपल्या पुस्तकांशी जुळत नाही, तेव्हा उत्तर कसं लिहायचं

एप्रिल उजाडला की रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात रोज दोन-तीन तरी मेल येतात. मजकूर ठरलेला असतो. ‘दि. ३१ मार्च रोजी आमच्या पुस्तकांप्रमाणे आपल्याकडून येणे रु. अमुक. कृपया सही-शिक्का करून परत पाठवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ही बाकी आपल्याला मान्य आहे असे समजले जाईल.’

नवीन रुजू झालेली मुलं यावर दोनपैकी एक गोष्ट करतात. घाईत असतील तर सही मारून मोकळी होतात, नाहीतर ‘बाकी जुळत नाही, तपासून कळवा’ अशी एक ओळ पाठवतात. पहिल्यात धोका आहे आणि दुसऱ्याने काहीच होत नाही. समोरचा अकाउंटंटही तुमच्याइतकाच कामात बुडालेला असतो. त्याला ‘तपासा’ म्हटलं तर तो तपासत नाही. कुठली नोंद, कुठल्या तारखेची, किती रुपयांची हे दाखवलं तर तपासतो.

सहीचा धोका कशात आहे ते आधी सांगते. लिमिटेशन अ‍ॅक्ट, १९६३ च्या कलम १८ प्रमाणे मुदत संपायच्या आत तुम्ही देणं लेखी आणि सहीनिशी कबूल केलंत, तर वसुलीच्या दाव्याची मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. म्हणजे बाकीच्या कागदावरची सही ही निव्वळ औपचारिकता नाही, ती कबुली ठरू शकते. ‘पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास’ या ओळीने मात्र घाबरून जाऊ नका. तुम्ही गप्प राहिलात एवढ्यावरून रक्कम आपोआप मान्य होत नाही. तरीही पुढे वाद झाला तर हाच मेल बाहेर काढला जातो आणि तुमच्या बाजूने फायलीत एकही कागद नसतो.

पुढची सगळी पद्धत एका उदाहरणावरून सांगते. मार्च २०२५ ची अखेर होती. सप्लायर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला, कॉम्प्रेसरचे सुटे भाग देणारा आणि वर्षाच्या करारावर सर्व्हिसिंग करणारा. त्यांच्या कागदावर बाकी होती २,८८,१६० रुपये, आमच्या टॅलीत १,१२,७२० रुपये. फरक १,७५,४४० रुपयांचा. आकडा बघूनच आमच्याकडच्या नव्या मुलीचा चेहरा उतरला होता. एवढा मोठा फरक म्हणजे मोठी भानगड, असं तिला वाटलं. शेवटी निघाल्या सहा नोंदी.

नावे कुणाचं, जमा कुणाचं

सुरुवातीला सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. सप्लायर त्याच्या पुस्तकात तुमचं खातं ठेवतो, तुम्ही तुमच्या पुस्तकात त्याचं. दोन्ही खाती एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. त्याचं बिल त्याच्याकडे नावे पडतं आणि तुमच्याकडे जमा. तुम्ही पैसे दिलेत की ते तुमच्याकडे नावे आणि त्याच्याकडे जमा. म्हणून त्याच्या उताऱ्यावरची ‘डेबिट’ बाकी तुमच्या लेजरच्या ‘क्रेडिट’ बाकीशी लावून बघायची.

एवढं पक्कं झालं की फरकाची दिशाही वाचता येते. आमच्या उदाहरणात त्यांची बाकी जास्त होती. याचा अर्थ त्यांच्याकडे काही बिलं जास्त होती, नाहीतर आम्ही दिलेले पैसे किंवा केलेली कपात त्यांच्याकडे चढलेली नव्हती. शोध कुठे घ्यायचा हे तिथेच निम्मं ठरतं.

नुसती बाकी नको, वर्षाचं लेजर मागवा

एका आकड्यावरून फरक सापडत नाही. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ असं पूर्ण वर्षाचं खातं मागवा, आणि ते एक्सेलमध्ये मागवा. पीडीएफ आली तर शंभर ओळी हाताने टाइप कराव्या लागतात आणि त्यात नव्या चुका घुसतात. एवढंच पुरे: ‘बाकी तपासायची आहे, कृपया वर्षाचं लेजर एक्सेलमध्ये पाठवा.’ हेही मेलवरच मागा. तारखेनिशी नोंद राहते आणि तुम्ही गप्प बसला नव्हतात हे दिसतं.

आपलं लेजर टॅलीप्राइममधून काढायचं असेल तर त्या पार्टीचं खातं उघडा, वर तारखा बदला आणि Alt+E दाबून एक्सेलमध्ये घ्या. काढताना नॅरेशन आणि सप्लायरचा बिल नंबर दिसतोय ना, ते बघा. बऱ्याच ऑफिसांत आपला व्हाउचर नंबर छापला जातो आणि सप्लायरचा नंबर आतच राहतो. तसं झालं तर जुळवायला काहीच हाताशी उरत नाही.

दोन्ही उतारे समोर आले की पहिली नजर ओपनिंग बाकीवर टाका. ती जुळत नसेल तर या वर्षात कितीही डोकं खपवलंत तरी उपयोग नाही, फरक मागच्या वर्षातून आलेला आहे. आमच्याकडे ओपनिंग जुळत होती, म्हणजे जे काही झालं ते याच बारा महिन्यांत.

टिका मारताना पैशांपासून सुरुवात करा

सहसा सगळे पहिल्या ओळीपासून खाली टिका मारत जातात. मी आधी पेमेंटं घेते. ती मोजकी असतात, बँकेचा पुरावा पक्का असतो आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. आमच्या खात्यात वर्षभरात अकरा पेमेंटं होती, त्यांच्याकडे दहा. अडकलं होतं ते शेवटचं, शुक्रवार २८ मार्चचं ७५,००० रुपयांचं एनईएफटी.

पैसे त्याच दिवशी त्यांच्या बँकेत गेले होते. पण २९ ला शनिवार, ३० ला गुढीपाडवा, ३१ ला ईद आणि १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी बंद. त्यांच्या माणसाने बँकेचा उतारा बघून एन्ट्री टाकली थेट २ एप्रिलला, आणि त्याच तारखेने. अशा वेळी त्यांना ‘पेमेंट केलंय’ एवढंच कळवू नका. तारीख, रक्कम आणि त्या व्यवहाराचा बँकेने दिलेला यूटीआर नंबर द्या. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा असतो. तो दिला की समोरच्याला आपल्या बँकेच्या उताऱ्यात शोधायला अर्धं मिनिटही लागत नाही.

पैशांनंतर बिलं. इथे रकमेवरून नव्हे, बिल नंबरावरून जुळवा. एकाच रकमेची चार बिलं असू शकतात, नंबर मात्र एकच असतो. अडचण एवढीच की त्यांच्याकडे नंबर पूर्ण लिहिलेला असतो आणि आपल्याकडे कुणी फक्त शेवटचे आकडे टाकलेले असतात. त्यांच्या बिलांचे नंबर ‘B’ रकान्यात आणि शेवटी चार आकडी, म्हणजे ७४२ ऐवजी ०७४२ असे, असतील तर ते शेवटचे चार आकडे वेगळे काढायला शेजारच्या ‘C’ रकान्यात पहिलं सूत्र टाका. मग तो आकडा आपल्या शीटमध्ये किती वेळा आलाय ते ‘D’ रकान्यात टाकलेलं दुसरं सूत्र सांगेल. आपली शीट त्याच फाइलमध्ये `ours` नावाने ठेवलेली हवी आणि तिच्याही ‘C’ रकान्यात बिल नंबर आकड्याच्या रूपात हवेत.

```
=VALUE(RIGHT(B2,4))
=COUNTIF(ours!C:C,C2)
```

शून्य आलं तर ते बिल आपल्याकडे नाही. दोन आलं तर ते आपण दोनदा चढवलंय. खरं सांगायचं तर पन्नास-साठ ओळींसाठी मी हे काही करत नाही. दोन प्रिंट काढते, लाल पेन्सिल घेते आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेच टिका मारून टाकते.

नंबर जुळल्यावर रक्कमही बघायची. हे विसरलं जातं. बिल नंबर ७४२, तारीख १९ नोव्हेंबर २०२४, त्यांच्याकडे ३६,५८० आणि आमच्याकडे ३५,६८०. फरक ९०० रुपये. फरकाला नऊने नि:शेष भाग जात असेल तर आकडे उलटसुलट झाल्याचा पहिला संशय घ्या. इथे तसंच झालं होतं. मालाची किंमत ३१,००० होती, आमच्याकडे टाइप झाली ३०,१००. जीएसटीचे ५,५८० मात्र बिलावरून बघून वेगळे आणि बरोबर टाकले होते. त्यामुळे सप्लायरांनी रिटर्नमध्ये दाखवलेल्या बिलांची जी यादी जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला येते, त्या टू-बीच्या जुळवणीत हे सापडलं नाही, कारण आम्ही तिथे फक्त कराचा आकडा जुळवत होतो. चूक आमची, चार महिने तशीच पडून राहिलेली.

राहिलं शेवटचं बिल, नंबर १२९०, तारीख २९ मार्च, रक्कम ६१,३६०. त्यांनी शनिवारी दुपारी माल टेम्पोत भरला, आमचं गेट सोमवारपर्यंत बंद, आणि आमच्या इनवर्ड रजिस्टरमध्ये माल चढला १ एप्रिलला. दोघांचीही नोंद आपापल्या जागी बरोबर आहे, फक्त मध्ये वर्षअखेर आली. अशा बिलांना पुरावा म्हणून गेटच्या रजिस्टरची ओळ आणि चलनावरचा आमच्या सिक्युरिटीचा शिक्का पुरतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे ते शोधत बसू नका. हे बिल त्यांच्या मार्चच्या रिटर्नमधून आमच्या मार्चच्या टू-बीत येणार हेही ध्यानात ठेवा. जीएसटीचं क्रेडिट मात्र माल हातात आल्याशिवाय घेता येत नाही, म्हणून आम्ही ते एप्रिलमध्ये घेतलं.

टीडीएसची छोटी, हमखास रक्कम

सर्व्हिसिंगची तिमाही बिलं ४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२०० ची होती. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस जीएसटीआधीच्या रकमेवर कापायचा. २ टक्क्यांनी ८०० रुपये. वर्षात अशा दोन बिलांचा टीडीएस त्यांच्याकडे चढलेला नव्हता, १० ऑक्टोबरच्या आणि १० जानेवारीच्या. एकूण १,६०० रुपये.

पुष्कळ सप्लायर फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या टीडीएसच्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, रक्कम दिसेपर्यंत एन्ट्री टाकत नाहीत. ते चुकीचं आहे असंही मी म्हणणार नाही. ऑक्टोबरचं बिल तिसऱ्या तिमाहीतलं, त्याचं रिटर्न ३१ जानेवारीपर्यंत भरलं जातं, म्हणजे एप्रिलमध्ये ते त्यांना दिसायलाच हवं होतं. जानेवारीचं बिल चौथ्या तिमाहीतलं. त्या रिटर्नची मुदत ३१ मे, म्हणून ते तोवर दिसणार नाही. उत्तरात हा फरक लिहा. नाहीतर दोन्ही ‘दिसत नाही’ म्हणून परत येतात.

१७,७०० कुठून आले?

इथपर्यंत पाच नोंदी सापडल्या होत्या: एनईएफटी, चुकलेलं बिल, वाटेतला माल, टीडीएस आणि आमच्याकडे नसलेलं १८,८८० रुपयांचं एक बिल, ज्याच्याकडे मी पुढे येते. त्यांची बेरीज १,५७,७४०. एकूण फरकातून ती वजा केली तर उरतात १७,७००. आणि १७,७०० ची एकही ओळ दोन्हीपैकी कुठल्याच लेजरमध्ये नव्हती.

अशा वेळी उरलेल्या फरकाचे दोन भाग करायचे. निम्मे होतात ८,८५०, आणि हा आकडा ओळखीचा निघाला. १२ फेब्रुवारीला आम्ही तीन एअर फिल्टर परत पाठवले होते. ७,५०० अधिक १,३५० जीएसटी, मिळून ८,८५० ची डेबिट नोट काढली होती. पेन्सिल चालवताना ही ओळ दोन्हीकडे आहे म्हणून टीक मारून पुढे गेलो होतो. रक्कम तीच होती, बाजू मात्र तपासली नव्हती. आमच्याकडे डेबिट नोट म्हणजे सप्लायर नावे, देणं कमी. त्यांच्याकडे तीच गोष्ट आमच्या नावावर जमा व्हायला हवी होती. त्यांनी ती नावेच टाकली होती, जणू आणखी एक बिल असावं तशी. चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम फरकात दुप्पट होऊन येते.

मी त्यांच्या अकाउंट्समधल्या काकांना फोन केला.

“काका, बारा फेब्रुवारीची आमची डेबिट नोट तुम्ही कुठे टाकलीत?”

“डेबिट नोट होती ना मॅडम? मग डेबिट केली.”

हसू नका, ही चूक मी स्वतः पहिल्या वर्षी केलेली आहे. कागदावर ‘डेबिट नोट’ लिहिलंय म्हणून हात डेबिटकडे जातो. नाव कागद काढणाऱ्याच्या बाजूने असतं, घेणाऱ्याने ते उलटं वाचायचं.

इथे आणखी एक गोष्ट तपासा. त्यांनी ही नोंद फक्त लेजरमध्ये केली आहे की स्वतःची डेबिट नोट म्हणून जीएसटी रिटर्नमध्येही दाखवली आहे? दाखवली असेल तर ती तुमच्या टू-बीत डेबिट नोट म्हणून दिसते आणि तुमचा नसलेला १,३५० रुपयांचा क्रेडिट तुमच्या पदरात येऊन पडतो. तो घेऊ नका. आमच्या केसमध्ये टू-बी स्वच्छ होती, गोंधळ लेजरपुरताच होता.

नुसती बाजू फिरवूनही काम पुरं होत नाही. आपण काढलेल्या डेबिट नोटने सप्लायरचा कर कमी होत नाही. त्यासाठी त्यानेच क्रेडिट नोट काढून रिटर्नमध्ये दाखवावी लागते. २०२४-२५ च्या बिलांसाठी त्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५ होती. म्हणून उत्तरात ‘नोंद दुरुस्त करा’ इतक्यावर थांबू नका, ‘क्रेडिट नोटचा नंबर आणि तारीख कळवा’ हेही मागा.

‘आमच्याकडे नोंद नाही’ म्हणजे ‘देणं नाही’ असं नव्हे

आता ते १८,८८० चं बिल. नंबर १०६३, तारीख १४ जानेवारी. आमच्याकडे ना बिल, ना माल मिळाल्याची स्टोअरची पावती म्हणजे जीआरएन, ना गेटची ओळ. नव्या मुलीने कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘हे बिल आमचे नाही, कृपया काढून टाकावे.’

मी तिला जानेवारीची टू-बी उघडायला लावली. बिल तिथे होतं, आमच्याच जीएसटी नंबरावर. फेब्रुवारीतच लक्षात यायला हवं होतं, पण टू-बीत आहे आणि पुस्तकात नाही अशा ओळी आम्ही ‘बिल येईल’ म्हणून पुढे ढकलल्या होत्या. टू-बीत दिसलं एवढ्याने माल आला हे सिद्ध होत नाही, पण बिल खरोखर आपल्या नावाने फाडलंय हे कळतं. मग ‘आमचे नाही’ असं ठणकावून लिहिण्यात शहाणपण नाही. लिहायचं ते असं: ‘आमच्याकडे बिल किंवा माल मिळाल्याची नोंद नाही. बिलाची प्रत आणि आमच्या माणसाची सही असलेला कागद पाठवावा, पडताळून कळवतो.’

दोन दिवसांनी सर्व्हिस रिपोर्ट आला. संक्रांतीच्या रात्री कॉम्प्रेसर बंद पडला होता. त्यांचा माणूस व्हॉल्व्ह घेऊन आला, थेट मशिनला बसवला आणि गेला. सामान स्टोअरमध्ये गेलंच नाही, त्यामुळे गेटची ओळ नाही आणि जीआरएनही नाही. खाली आमच्या रात्रपाळीच्या सुपरवायझरची सही होती आणि वेळही लिहिलेली होती. बिल आमचंच. ‘काढून टाकावे’ असं लिहून पाठवलं असतं तर ते शब्द आम्हालाच गिळावे लागले असते.

उत्तर लिहिताना

नोंदी सापडल्या की त्यांचे मनात तीन गठ्ठे करा: आम्ही दुरुस्त करणार, तुम्ही दुरुस्त करायच्या, आणि कुणीच काही करायचं नाही, वेळेने जुळतील. पत्रातला क्रमही मी हाच ठेवते. आपली चूक पहिल्या ओळीला. यात काही मोठेपणा नाही. समोरचा माणूस तुमची यादी भांडणाच्या तयारीने उघडतो, पहिल्याच ओळीत तुम्ही चूक कबूल केलेली दिसली की तो बाकीच्या ओळी नीट वाचतो.

त्यांनी पाठवलेल्या छापील कागदावर सही करू नका आणि त्यावर पेनने आकडा खोडून आपला आकडाही लिहू नका. आपल्या लेटरहेडवर वेगळं पत्र करा. सप्लायरला बाकीचं पत्र पाठवायचा अधिकार तुमच्याकडे आहे का, हे साहेबांना विचारून घ्या. बऱ्याच कंपन्यांत ते फक्त अकाउंट्स मॅनेजरच्या सहीने जातं.

आमचं पत्र थोडंफार असं होतं:

*विषय: ३१ मार्च २०२५ ची बाकी, आपला मेल मिळाला*

*आपल्या उताऱ्याप्रमाणे आमच्याकडून येणे रु. २,८८,१६० आहे. आमच्या पुस्तकांप्रमाणे आपल्याला देणे रु. १,१२,७२० आहे. रु. १,७५,४४० चा फरक खालील नोंदींमुळे आहे.*

| क्र. | तारीख | नोंद | आपल्याकडे | आमच्याकडे | फरक |
|---|---|---|---|---|---|
| १ | १९.११.२४ | बिल ७४२ | ३६,५८० | ३५,६८० | ९०० |
| २ | १४.०१.२५ | बिल १०६३ | १८,८८० | नोंद नाही | १८,८८० |
| ३ | १२.०२.२५ | आमची डेबिट नोट २१, परत माल | ८,८५० नावे (बाकीत वाढ) | ८,८५० नावे (बाकीत घट) | १७,७०० |
| ४ | १०.१०.२४, १०.०१.२५ | सर्व्हिस बिलांवरील टीडीएस, ८०० अधिक ८०० | नोंद नाही | १,६०० | १,६०० |
| ५ | २८.०३.२५ | एनईएफटी | नोंद नाही | ७५,००० | ७५,००० |
| ६ | २९.०३.२५ | बिल १२९०, माल १.०४.२५ ला पोचला | ६१,३६० | एप्रिलमध्ये | ६१,३६० |
| | | | | एकूण | १,७५,४४० |

*क्र. १ ही आमची चूक असून आम्ही दुरुस्त करत आहोत. क्र. २ च्या बिलाची प्रत आणि सही असलेली पोच पाठवावी, पडताळून कळवतो. क्र. ३ ची नोंद आपल्याकडे जमा बाजूस घ्यावी आणि क्रेडिट नोटचा नंबर कळवावा. क्र. ४ पैकी ऑक्टोबरचा टीडीएस २६एएसमध्ये दिसेल, जानेवारीचा चौथ्या तिमाहीच्या रिटर्ननंतर दिसेल. क्र. ५ चा यूटीआर आणि बँकेचा उतारा जोडला आहे, नोंद २८ मार्चच्या तारखेने घ्यावी. क्र. ६ साठी दुरुस्ती नको, बिल एप्रिलमध्ये चढवले आहे.*

*हे पत्र फक्त नोंदी जुळवण्यासाठी आहे. क्र. २ चा खुलासा होईपर्यंत आपली बाकी आम्ही मान्य केली आहे असे समजू नये.*

तक्त्याबद्दल दोन गोष्टी. फरकाच्या रकान्याची बेरीज वरच्या फरकाशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. शे-दीडशे रुपये सुटत असतील तर ‘किरकोळ’ म्हणून सोडायचा मोह होतो. पण सुटलेले दीडशे म्हणजे पाच हजारांची आणि चार हजार आठशे पन्नासची अशा दोन उलट्या चुकाही असू शकतात. खरंच राउंडऑफ असेल तर तशी ओळ तक्त्यात घाला. दुसरं, काही फरकांमुळे त्यांची बाकी कमी होत असेल तर त्या ओळी वजा चिन्हाने लिहा. आमच्या केसमध्ये सगळ्या एकाच दिशेच्या निघाल्या, असं नेहमी होत नाही.

जोडायचे कागद मोजकेच ठेवा: बँकेचा उतारा, डेबिट नोट आणि परत मालाचा गेटपास, ऑक्टोबरच्या टीडीएसचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म १६ए, आणि १ एप्रिलची इनवर्डची ओळ. प्रत्येक फाइलच्या नावात तक्त्यातला क्रमांक टाका. समोरच्याला ‘कागद ३’ उघडून ओळ ३ बघता आली पाहिजे.

उत्तर आल्यावर

बिल १०६३ चा रिपोर्ट आल्यावर आम्ही ते मार्चअखेरच्या पुस्तकात घेतलं, वर्ष अजून बंद झालेलं नव्हतं. बिल ७४२ मध्ये ९०० वाढवले. आमची बाकी झाली १,१२,७२० अधिक ९०० अधिक १८,८८०, म्हणजे १,३२,५००.

त्यांनी डेबिट नोट, टीडीएस आणि एनईएफटी दुरुस्त केल्यावर त्यांची बाकी २,८८,१६० वरून १,९३,८६० वर आली. त्यातून वाटेतल्या मालाचे ६१,३६० वजा केले की तेही १,३२,५००. दोन्ही बाजूंनी वेगवेगळं मोजून एकाच आकड्यावर येणं, हीच जुळवणी पूर्ण झाल्याची खूण. फक्त त्यांच्या आकड्यातून फरक वजा करून आपला आकडा आणला तर तो येणारच, त्याने काही सिद्ध होत नाही.

मग दुसरं, चार ओळींचं पत्र पाठवलं: ‘३१ मार्च २०२५ ची आमच्या पुस्तकांप्रमाणे बाकी रु. १,३२,५००. आपल्या बाकीतला रु. ६१,३६० चा फरक बिल १२९० चा असून तो एप्रिलमध्ये जुळला आहे.’ सही या पत्रावर झाली, पहिल्या छापील कागदावर नाही.

तक्ता, दोन्ही पत्रं आणि कागद एका फाइलमध्ये, पार्टीच्या नावाने. जूनच्या कॅलेंडरवर एक नोंद: जानेवारीच्या टीडीएसचा फॉर्म १६ए वागळे इस्टेटला पाठवायचा. चौथ्या तिमाहीचा फॉर्म १५ जूनपर्यंत द्यायचा असतो, आणि काकांनी तो मिळेपर्यंत आठशे रुपयांची आठवण दर महिन्याला करून दिली.